आभाराची टाळी कुठे पडते

नाशिककर व्याख्यानाला बसतो, प्रश्नोत्तरांनाही बसतो. मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला असते, तिथे उकाड्यात दीड दीड तास न हलता बसलेली माणसं मी कितीतरी वर्षं पाहतो आहे. पण निवेदकाने ‘आता आभार’ एवढं म्हटलं की हीच माणसं चपला शोधायला लागतात. सभागृहात असेल तर खुर्च्या करकरतात, पिशव्यांच्या चेन लागतात, मागचं दार उघडतं. आभार मानणारा मात्र कागदात डोकं घालून वाचत असतो. त्याचं पहिलं वाक्य संपतं तेव्हा निम्मं सभागृह उभं असतं.

लोकांना आभाराचा कंटाळा आहे असं मला वाटत नाही. त्यांना ती भाषा ऐकू येत नाही. कानावर पडते, पण आत जात नाही. आणि विद्यापीठातल्या चर्चासत्रात तर बहुतेक वेळा ते आभार आधी इंग्रजीत लिहिलेले असतात आणि मग रात्रीतून मराठीत ओतलेले असतात.

असंच एक ओतकाम माझ्याकडे आलं होतं. आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीतली एक मुलगी इथल्याच एका विद्यापीठात सहायक प्राध्यापक आहे. तिच्या विभागाने दोन दिवसांचं चर्चासत्र ठेवलं होतं. विषय जुन्या पाणीवाटपाच्या पद्धतींचा, आणि त्यातही मुख्य म्हणजे फड पद्धतीचा. नाशिक आणि धुळे जिल्ह्यांत मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर बंधारे घालून गावकऱ्यांनी स्वतःच पाणी वाटून घेण्याची ही रीत. बंधाऱ्याच्या पाटाखालची जमीन मोठ्या तुकड्यांत विभागायची, त्या एकेका तुकड्याला फड म्हणायचं, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असते. त्यामुळे पाणी कमी पडलं तर तोटा एकट्याच्या गळ्यात येत नाही. हे सगळं सांगायला बागलाणातून काही शेतकरी आणि एक म्हातारे पाटकरी आले होते. पाटकरी म्हणजे पाण्याची पाळी सांभाळणारा, कुणाच्या शेतात दार किती वेळ उघडं ठेवायचं हे पाहणारा माणूस.

समारोपाच्या आदल्या संध्याकाळी विभागप्रमुखांच्या लक्षात आलं की समोर निम्मे शेतकरी असणार आणि आभाराचा कागद इंग्रजीत आहे. विभागातल्या कुणीतरी त्याचं मराठी करून दिलं. ती ते घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘‘काका, मराठी बरोबर आहे, पण मला वाचताच येत नाहीये.’’

मी तीसेक वर्षं निवेदन आणि भाषांतर ही दोन्ही कामं करतो. तिची तक्रार मला लगेच कळली. कागदावरचं पहिलंच वाक्य असं होतं:

‘आपल्या अत्यंत व्यस्त वेळापत्रकातून वेळ काढून या प्रसंगाची शोभा वाढवणाऱ्या व आपल्या प्रेरणादायी उद्घाटनपर भाषणाने आम्हां सर्वांना मार्गदर्शन करणाऱ्या विद्यापीठाच्या मा. कुलगुरू यांचे मी विभागाच्या वतीने मनःपूर्वक आभार मानते.’

व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही. मुळातलं काही सुटलेलंही नाही. पण मोठ्याने वाचून पाहा. ‘वाढवणाऱ्या’ला पोहोचेपर्यंत श्वास अर्धा होतो, ‘करणाऱ्या’ला संपतो, आणि कुलगुरूंचा उल्लेख येतो तेव्हा आवाज घशात गेलेला असतो. ज्या शब्दावर आवाज चढायला हवा तिथेच तो पडतो. ऐकणाऱ्याची अडचण त्याहून मोठी. हे कुणाबद्दल चाललंय तेच त्याला वाक्याच्या शेवटापर्यंत कळत नाही. तोवर तो एकेक विशेषण हातात धरून उभा.

इंग्रजीत हे होत नाही, कारण तिथे वाक्याची चाल उलटी आहे. ‘आय थँक अवर व्हाइस चॅन्सलर’ हे पहिल्या झटक्यात होऊन जातं. आभार मानून झाले, कुणाचे तेही कळलं. मग ‘हू’ लावून तिने काय काय केलं ते सावकाश मागून येत राहतं, आणि कुठेही थांबलं तरी वाक्य मोडत नाही. मराठीत क्रियापद शेवटी. त्यामुळे ते मागचं सगळं शेपूट उचलून नावाच्या आधी आणावं लागतं आणि त्याला ‘-णाऱ्या’ची दोरी बांधावी लागते. वाचणाऱ्याला हे चालतं, डोळा मागे जाऊन पुन्हा बघू शकतो. कानाला मागे जाता येत नाही.

म्हणून बोलायच्या मजकुराचं भाषांतर करताना मी वाक्य हे माप धरत नाही, श्वास धरतो. माझ्या अनुभवात सहज बोलणारा माणूस एका श्वासात सात ते दहा शब्द आरामात बोलतो. तेवढ्यात एक गोष्ट पूर्ण झाली पाहिजे. इंग्रजीतल्या एका वाक्याची मराठीत चार वाक्यं झाली तरी हरकत नाही, पण त्या चारांपैकी प्रत्येकात कुणीतरी काहीतरी केलेलं असलं पाहिजे.

इथे मी तिला विचारलं, ‘‘कुलगुरूंनी वेळ काढला म्हणजे नक्की काय केलं?’’

ती हसली. म्हणाली, ‘‘अहो, त्यांना अकराला दुसरी बैठक होती. त्यांच्या ऑफिसमधून मला दोनदा फोन आला. पण त्या पहिलं सत्र संपेपर्यंत हलल्याच नाहीत.’’

मग कागदावर हे आलं:

‘कुलगुरू मॅडम काल सकाळी उद्घाटनाला आल्या. अकरा वाजता त्यांची दुसरी बैठक होती. त्यांच्या ऑफिसमधून मला दोनदा फोन आला. तरीही पहिलं सत्र संपेपर्यंत त्या आपल्याबरोबर बसल्या. मॅडम, विभागाच्या वतीने तुमचे मनःपूर्वक आभार.’

हे भाषांतर आहे का, असं कुणी विचारील. विचारावंच. बैठकीचं आणि फोनचं मुळात नव्हतं. मी आपल्या मनाने घातलं असतं तर ती लबाडी झाली असती. पण लिहिणारी समोर बसली होती आणि इंग्रजीत ‘डिस्पाइट हर बिझी शेड्यूल’ लिहिताना तिच्या डोक्यात हेच होतं. इंग्रजी आभारांचा साचा सगळ्या घडलेल्या गोष्टींची भाववाचक नामं करून टाकतो: सपोर्ट, गायडन्स, कोऑपरेशन, एन्करेजमेंट. त्यांची मराठी नामं तयारच असतात: पाठिंबा, मार्गदर्शन, सहकार्य, प्रोत्साहन. एकाला एक लावत गेलं की पान भरतं आणि कुणी काय केलं ते कुठेच उरत नाही. त्यामुळे अशा प्रत्येक नामापाशी थांबून मूळ लिहिणाऱ्याला विचारायचं की हे कोणत्या गोष्टीबद्दल आहे. लिहिणारा भेटत नसेल तर मात्र नाम आहे तसंच ठेवायचं आणि वाक्य तेवढं आखूड करायचं. ‘मॅडमनी आम्हांला सतत प्रोत्साहन दिलं’ हे सपक आहे, पण खोटं नाही.

त्या नव्या परिच्छेदात आणखी एक गोष्ट झाली. आधी काम, मग माणूस, मग आभार. मराठीत टाळी कुठे पडते हे मी मंचाच्या कडेला उभा राहून पुष्कळ वेळा पाहिलं आहे. ती ‘आभार मानते’वर पडत नाही. ‘मानते’ येईपर्यंत वाक्य संपल्याची खूण मिळालेली नसते, आणि मिळते तेव्हा बोलणारा पुढच्या वाक्यात शिरलेला असतो. टाळी नावावर पडते, आणि नावानंतर जागा असेल तरच पडते. म्हणून नाव वाक्याच्या शेवटाकडे न्यायचं. क्रियापद शेवटी यायलाच हवं असा हट्ट लेखी मराठीचा आहे, बोलणारा तो सहज मोडतो. ‘हे सगळं जुळवून आणलं ते आमच्या विभागप्रमुखांनी’ असं आपण घरात, कट्ट्यावर, बारशाला बोलतोच की. ‘ते’वर हलकासा ठेका येतो आणि पुढचं नाव सुटं, स्वच्छ ऐकू येतं. इंग्रजीतल्या ‘हू’चं काम मराठीत हा छोटासा ‘ते’ करतो, फक्त उलट्या बाजूने. ‘ज्यांनी… त्यांचे’ ही जोडीही आहे, पण ती एका भाषणात एकदाच वापरावी. दुसऱ्यांदा ‘ज्यांनी’ आलं की लोकांना कळतं, आता वेळ लागणार.

याचा खरा उपयोग झाला तो बीजभाषण करणाऱ्या पाहुण्यांच्या बाबतीत. ते दक्षिणेकडचे, भूजलातले अभ्यासक. मराठी कागदावर होतं: ‘बेसाल्ट भूप्रदेशातील भूजलऱ्हासाच्या सुप्त आयामांविषयी आमचे डोळे उघडणाऱ्या अभ्यासपूर्ण बीजभाषणाबद्दल…’ डोळे उघडणारं भाषण म्हणे, आणि वाक्य असं की मिटावेत. मी विचारलं, सरांच्या भाषणातलं तुझ्या लक्षात काय राहिलं? तिला नेमकं आठवत होतं. आपल्याकडच्या काळ्या खडकात पाणी वाळूत मुरावं तसं सगळीकडे मुरत नाही. वरच्या कुजलेल्या, मुरमाड थरात आणि खडकाच्या भेगांत ते साठतं. म्हणून दोन शेजाऱ्यांपैकी एकाच्या बोअरला पाणी लागतं, दुसऱ्याची कोरडी जाते, आणि कधी दोघं एकाच भेगेतलं ओढत असतात.

त्याचं झालं: ‘माझ्या विहिरीतलं पाणी माझं, असं आपण समजतो. पण खाली खडकातली भेग कधी कधी एकच असते, आणि दोन्ही बोअर तिथूनच ओढतात. हे काल आपल्याला सोपं करून सांगितलं ते’ आणि पुढे पाहुण्यांचं नाव, मग ‘सरांनी’.

यापेक्षा एक वाक्यही जास्त नको, असं मी तिला बजावलं. आभारात भाषणाचा सारांश सांगायला घेतला की वक्ते अस्वस्थ होतात आणि अध्यक्ष घड्याळ बघतात. ऐकणाऱ्याला एवढंच कळायला हवं की आभार मानणारी व्यक्ती भाषणाच्या वेळी सभागृहात होती.

‘सरांनी’ हा शब्द मी मुद्दाम ठेवला. लेखी मराठीत ‘डॉ. अमुक यांनी’, ‘यांचे’, ‘यांना’ असं येतं. वर्तमानपत्रात ते शोभतं, पण मोठ्याने म्हटलं की बातमीपत्र सुरू झाल्यासारखं वाटतं. प्रत्यय थेट नावाला लावला तर दुसरी अडचण. मराठी आडनावांना आपली जीभ सरावलेली आहे, ‘पाटलांनी’, ‘कुलकर्ण्यांनी’ आपण न अडखळता म्हणतो. पण दक्षिणेकडचं पाच-सहा अक्षरी नाव, त्याचं सामान्यरूप, त्यावर अनुस्वार आणि ‘नी’ हे ऐन मंचावर जिभेत अडकतं आणि पाहुण्यांना स्वतःचंच नाव ओळखू येत नाही. ‘सर’, ‘मॅडम’, ‘ताई’, ‘आबा’ हे शब्द तो सगळा भार स्वतःवर घेतात. नाव जसंच्या तसं राहतं आणि विभक्ती ‘सरां’ना लागते. मूळ नावाचा उच्चार मात्र तिने दुपारीच त्यांना विचारून घेतला होता आणि कागदावर तोडून लिहिला होता, ती शहाणी मुलगी आहे.

यानंतर आम्ही एका मजेशीर गोष्टीत अडकलो. मी तिला सांगितलं होतं की कागद बोलीत लिही, ‘झाले’ऐवजी ‘झालं’, ‘केले’ऐवजी ‘केलं’. कारण कागदावर ‘झाले’ असेल तर घाबरलेला माणूस ‘झाले’च वाचतो, आणि मग त्याचा सगळा आवाज शाळेतल्या प्रकट वाचनाचा होतो. तिने घरी जाऊन सगळा कागद बदलून आणला. त्यात ‘सरांचं आभार’, ‘विद्यार्थ्यांनी कष्ट घेतलं’, ‘खूप प्रयत्न केलं’ असं झालं होतं. शोधा आणि बदला. वाचून बघ म्हटल्यावर तिचं तिलाच हसू आलं. बोलताना आपण कधीच अशी गल्लत करत नाही, कारण आभार, कष्ट, प्रयत्न ही इथे पुल्लिंगी अनेकवचनं आहेत. ‘सरांचे आभार’, ‘कष्ट घेतले’, ‘प्रयत्न केले’ हेच बोलीतही राहतं. अनुस्वार मिळतो तो नपुंसकलिंगाला: मार्गदर्शन केलं, पाणी दिलं, नियोजन पाहिलं, फुलं आणली. म्हणजे ज्या शब्दाभोवती हे सगळं भाषण फिरतं, तो ‘आभार’ शब्दच या बदलाला दाद देत नाही. बोलीत लिहिलेल्या आभाराच्या कागदात ‘चे’ आणि ‘चं’ शेजारी शेजारी नांदतात, आणि ते बरोबर असतं. कुणी मुद्रितशोधक एकसारखं करायला धावला तर त्याला थांबवावं.

‘व’ मी सगळीकडून काढला. मराठीत ‘व’ लिहितात, बोलत कुणी नाही. ‘तसेच’, ‘सदर’, ‘याप्रसंगी’ यांचंही तेच. ‘मा.’ आणि ‘प्रा.’ हे संक्षेप पूर्ण लिहिले, कारण ते डोळ्यासाठी असतात आणि तोंडाला मध्येच ठेच लावतात.

मग आला ‘वुई’. इंग्रजीतला ‘वुई’ सगळ्यांना पोटात घेतो, नक्की कुणाकुणाला ते सांगत नाही. मराठीत ठरवावं लागतं, आम्ही की आपण. ‘वुई आर ग्रेटफुल टू द स्पीकर्स’ यात ‘आम्ही’ म्हणजे विभाग, यजमान. पण ‘वुई हॅव लर्न्ट अ लॉट इन दीज टू डेज’ यात ‘आम्ही’ घातलं की समोरचे शेतकरी आणि विद्यार्थी बाहेर राहतात, जणू शिकला तो फक्त विभाग. तिथे ‘आपण’ हवं. पहिल्या मराठी कागदात झाडून सगळीकडे ‘आम्हां सर्वांना’ होतं. आम्ही एकेक ठिकाण बघत गेलो. साधी खूण अशी की त्या वाक्यावर समोरच्याने मान डोलवावी असं वाटत असेल तर ‘आपण’, आणि त्याच्याकडून नुसतं ऐकून घ्यायचं असेल तर ‘आम्ही’. निधी कुणाकडून मिळाला, हॉल कुणी दिला, तिथे ‘आम्हांला’. पाण्याबद्दल काय कळलं, तिथे ‘आपल्याला’.

नावांच्या यादीचा प्रश्न सगळ्या आभारांत असतो. समित्या, निधी देणाऱ्या संस्था, ग्रंथालय, तांत्रिक विभाग. इंग्रजीत ‘आय थँक’ म्हणून पुढे कितीही नावं ओळीने म्हणता येतात, ऐकणाऱ्याला माहीत असतं की हे आभार आहेत. मराठीत नावं आधी येतात आणि ‘यांचे आभार’ पार शेवटी, त्यामुळे मधल्या काळात हजेरी चालल्यासारखं वाटतं. त्यावर उपाय सोपा आहे. आधी सांगून टाकायचं: ‘आता ज्यांच्याशिवाय पानही हललं नसतं अशी काही नावं घेते.’ मग तीन तीन नावांचे गट, प्रत्येक गटाला एक काम. ‘निवासाची आणि जेवणाची व्यवस्था पाहिली ती’ तिघांनी. ‘नोंदणीच्या टेबलावर दोन दिवस बसले ते’ तिघं. शेवटी एकदाच ‘या सगळ्यांचे आभार’. त्या पहिल्या कागदावर ‘आभार मानते’ सतरा वेळा होतं, नव्यात पाच वेळा राहिलं. हॉलमधल्या कुणाला एकही आभार कमी पडल्यासारखा वाटला नसावा.

क्रम मात्र मी बदलू दिला नाही. तिला शिपायांचे आणि चहावाल्या मावशींचे आभार आधी मानायचे होते. भावना चांगली, पण विद्यापीठातला शिष्टाचाराचा क्रम भाषांतरकाराने मोडायचा नसतो. कुलगुरू, पाहुणे, अध्यक्ष, निधी देणारे, आणि मग बाकीचे. ‘लास्ट बट नॉट द लीस्ट’ला पहिल्या कागदात ‘शेवटचे परंतु कमी महत्त्वाचे नसलेले’ असं होतं. असं म्हणताक्षणी ते कमी महत्त्वाचे होतात. आम्ही ते टाकूनच दिलं आणि लिहिलं: ‘आणि सकाळी साडेसातला सगळ्यांच्या आधी इथे येऊन ज्यांनी कुलुपं उघडली, खुर्च्या लावल्या, चहा ठेवला, ते आपले सगळे कर्मचारी.’ इथे आभार हा शब्दच नाही. पण ‘कर्मचारी’नंतर मी कागदावर तिरपी रेघ मारून दिली, म्हणजे तिथे थांबायचं. (तुमच्या लक्षात आलं असेल, माझी ‘ज्यांनी’ची एक पाळी मी इथे वापरली.)

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो पाटकरी आबांवर. इंग्रजीत होतं की शेतकरी सहभागींनी त्यांचं इंडिजिनस नॉलेज शेअर केलं. मराठी कागदावर ‘देशज ज्ञान सामायिक केल्याबद्दल’. हे आबांना ऐकवायचं म्हणजे त्यांना वाटणार, कुणाच्या तरी जमिनीच्या सामायिक खात्याचं चाललंय. त्यांनी खरं काय सांगितलं होतं? तिने आठवून सांगितलं. दुष्काळात पाण्याची पाळी कशी लावायची, रात्री पाटावर कसं फिरायचं, आणि मोठा बागायतदार असो की दोन बिघ्यांचा मालक, फडाचं दार सगळ्यांना सारखंच उघडायचं.

तिला तिथे एक वाक्य अहिराणीत घालायचं होतं. बागलाणाची बोली, आबा खूश होतील. मी विचारलं, तुला येते का? नाही म्हणाली. मग नको. दुसऱ्याची बोली कागदावरून वाचून दाखवली की ती नक्कल वाटते, मनात कितीही प्रेम असलं तरी.

शेवटी असं लिहिलं: ‘आबा, तुम्ही काल दुपारी म्हणालात, पाटाच्या दारापाशी मोठा शेतकरी आणि लहान शेतकरी असं काही नसतं. आम्ही दोन दिवस इतके निबंध वाचले, पण पाणीवाटप म्हणजे काय ते तुमच्या या एका वाक्यात कळलं. तुमचे आणि तुमच्याबरोबर आलेल्या सगळ्यांचे आभार.’

इथे मी मुद्दाम ‘तुम्ही’ ठेवलं होतं. बाकी सगळ्या भाषणात तृतीयपुरुष, कुलगुरू आणि आबा या दोघांनाच थेट हाक. कुलगुरूंना एकदा ‘मॅडम, तुमचे’ म्हणून झालं की त्याच सुरात आबांनाही म्हणता येतं, आणि सभागृहात दोघं एका ओळीत येतात. क्रम न मोडता तिची ती जुनी इच्छा थोडी तरी पुरी होत होती. इंग्रजी कागदात अशी थेट हाक कुठेच नव्हती, ती आमची भर. तिथे मी मुळाशी प्रामाणिक राहिलो नाही असं कुणी म्हटलं तर वाद घालणार नाही.

कागद छापताना अक्षर मोठं घेतलं, सोळाच्या खाली नाही. ओळ श्वासाबरोबर तोडली. नाव आणि ‘सरांनी’ एका ओळीत राहील असं पाहिलं, आणि वाक्य एका पानावर सुरू होऊन दुसऱ्यावर संपणार नाही याचीही काळजी घेतली. पान उलटण्याच्या आवाजात पुष्कळ माणसांची नावं गेली आहेत. तिने घड्याळ लावून वाचलं तर साडेतीन मिनिटं झाली. शेवटचा ‘ऋणात राहणं पसंत करेन’वाला परिच्छेद तिला सोडवत नव्हता, मी तो काढला. आभार मानायला उभं राहायचं आणि मानत नाही असं म्हणायचं, हे मला कधीच कळलेलं नाही. ‘कुणाचं नाव राहून गेलं असेल तर माफ करा’ एवढं ठेवलं. ‘क्षमस्व’ नको म्हटलं, पण ते तिने ठेवलं. भाषण शेवटी तिचं.

समारोपाला मी मागच्या रांगेत होतो. कार्यक्रम लांबला, नेहमीप्रमाणे. ती उभी राहिली तेव्हा आबांची खुर्ची रिकामी होती. सटाण्याची शेवटची सोयीची एसटी गाठायला ते त्यांच्या माणसांबरोबर निघून गेले होते. कुलगुरूंचा परिच्छेद नीट झाला, बोअरच्या भेगेला शेतकरी हसले, पाहुण्यांच्या नावानंतर टाळी बरोबर पडली. मग आबांचं पान आलं. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘‘आबा आत्ता गाडीत असतील. त्यांनी काल दुपारी सांगितलं, पाटाच्या दारापाशी मोठा शेतकरी आणि लहान शेतकरी असं काही नसतं.’’ पुढचं सगळं ‘तुम्ही’ तिने बोलता बोलता ‘त्यांनी’ करून घेतलं, एकाही ठिकाणी न अडखळता, आणि ‘तुमच्याबरोबर आलेल्या’चं ‘त्यांच्याबरोबर आलेल्या’ झालं.

बाहेर चहाच्या रांगेत तिने मला गाठलं. म्हणाली, ‘‘काका, ‘क्षमस्व’ जरा जास्तच झालं ना?’’ मी म्हटलं, ‘‘हो.’’